चहा, दूध आणि थर्मामीटर: वाचकांची प्रश्नोत्तरे

दर थोड्या दिवसांनी चहाचा विषय परत येतोच, आणि प्रश्नही तेच असतात, म्हणून या वेळी सगळे एकदमच घेतो.

प्रश्न: कपात ओतल्यावर पाच-दहा मिनिटांत चहाची वाफ जाते, पण नंतर अर्धा तास तो कोमटच राहतो. असं का?

कारण चहा किती वेगाने निवणार हे तो नुसता किती गरम आहे यावर नाही, खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरतं. खोली २५ अंशांवर आहे आणि चहा ९० वर, म्हणजे फरक ६५ चा. पहिल्या पाच मिनिटांत १३ अंश गेले असं धरा, म्हणजे फरकाचा पाचवा हिस्सा गेला. पुढच्या पाच मिनिटांतही पाचवाच हिस्सा जाणार, पण आता उरलेल्या ५२ चा, म्हणजे साधारण १० अंश. असं करत करत पंचविसाव्या ते तिसाव्या मिनिटात जेमतेम ४ अंश उतरतात. न्यूटनने १७०१ साली तापलेलं लोखंड वाऱ्यात ठेवून हे मांडलं, आणि लोखंडाला ते बऱ्यापैकी लागू पडतं.

चहाला मात्र पूर्ण लागू पडत नाही, आणि शाळेत नेमकं हेच सांगायचं राहून जातं. उघड्या कपातून पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना बरीच उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २३०० जूल लागतात, आणि २०० मिलि चहा एक अंशाने उतरायला ८४० च्या आसपास, म्हणजे एक ग्रॅम उडालं की अख्खा कप पावणेतीन अंशांनी खाली. त्यात ८० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन निसटण्याचा जोर, ४० अंशांच्या पाण्याच्या सहा पटींहून जास्त असतो, त्यामुळे सुरुवातीची घसरण न्यूटनच्या हिशोबापेक्षाही जास्त उभी निघते. खोटं वाटत असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कप ठेवा आणि आकडा बघत बसा. आधी ग्रॅम भराभर कमी होतात, मग काटा जागचा हलेनासा होतो. झाकण ठेवून परत करून बघा, निम्मं कोडं तिथेच सुटेल.

प्रश्न: काळा रंग उष्णता जास्त फेकतो, म्हणून कोरा चहा दुधाच्या चहापेक्षा लवकर गार होतो ना?

नाही. हा फॉरवर्ड मला इतक्या वेळा आलाय की आता मी तो न वाचताच डिलीट करतो. डोळ्याला दिसणारा रंग वेगळा आणि या तापमानाला बाहेर पडणारी अवरक्त किरणं वेगळी, तिथे दोन्ही चहा जवळपास सारखेच "काळे" असतात.

प्रश्न: चहा ओतला आणि फोन आला, दहा मिनिटं जाणार. दूध आत्ता टाकू की परत आल्यावर? घरात यावरून वाद आहे.

परत आल्यावर गरम प्यायचा असेल तर आत्ता. "थंड दूध आधी टाकलं तर चहा आधीच गार होईल" असं म्हणणारे दहा मिनिटांचा हिशोब करतच नाहीत, पहिल्या सेकंदाचाच करतात. आपण करू. २०० मिलि चहा, ९० अंश. ४० मिलि दूध फ्रिजमधलं, ५ अंश. खोली २५.

दूध नंतर टाकणाऱ्याचा कोरा चहा वरच्या हिशोबाने दहा मिनिटांत साडेसहासष्टवर येतो, मग दूध पडतं आणि तो ५६ च्या आसपास. आधी टाकणाऱ्याचा चहा लगेच ७६ वर येतो खरा, पण आता खोलीशी फरक ५१ चाच उरला, म्हणजे उष्णता कमी वेगाने बाहेर पडणार. शिवाय कपात आता २०० ऐवजी २४० मिलि आहे, तेवढीच उष्णता गेली तरी अंश कमी उतरतात. दहा मिनिटांनी हा चहा ६० वर असतो. म्हणजे चार अंशांनी जास्त गरम, आणि वाफेचा हिशोब अजून धरलेलाच नाही. तो धरला की फरक वाढतो, कारण सगळ्यात जास्त वाफ ९० ते ७५ च्या टप्प्यात जाते आणि दूध टाकून आपण तो टप्पा टाळतो.

आता मर्यादा. वरची उत्तरं त्या "पाच मिनिटांत पाचवा हिस्सा" या गृहीतावर आहेत. तुमचा कप रुंद असेल, पंखा चालू असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही. दूध फ्रिजमध्ये नसून टेबलावरच खोलीच्या तापमानाला असेल तर फरक पावणेतीन अंशांवर येतो. झाकण असेल तर आणखी कमी. आणि दोन मिनिटांत पिणार असाल तर भांडू नका, तुमच्या जिभेला कळणारही नाही.

प्रश्न: घरी मोजायचं आहे. तापाचा थर्मामीटर चालेल का?

अजिबात नाही! तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो. विद्यार्थीदशेत मी स्वतः काचेचा एक गरम पाण्यात घालून फोडलाय आणि पारा टेबलभर पळाला होता, तेव्हापासून मी या बाबतीत जरा कडवट आहे. पारा सांडलाच तर हात लावू नका, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा आणि जाणकाराला विचारून मगच साफ करा. मोजायला स्वयंपाकाचा टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या, चहा ढवळून कपाच्या मधोमध धरा, तळाला टेकवू नका.

प्रश्न: "सहा तास गरम" लिहिलेला दुहेरी भिंतीचा मग घेऊ का?

आधी बारीक अक्षरं वाचा: झाकण लावून मोजलंय का, आणि "गरम" म्हणजे किती अंश. बऱ्याचदा दुसरा आकडा नसतोच, आणि ४५ अंशांच्या चहालाही गरम म्हणणारे लोक आहेत. उघड्या मगात भिंती कितीही भारी असल्या तरी वाफ वरूनच जाते.

प्रश्न: फुंकर मारून खरंच गार होतो का?

हो, वरची दमट हवा हटते आणि वाफ जास्त निघते.

प्रश्न: मला उकळताच लागतो, दूध टाकून लगेच पितो. हल्ली गिळताना घशाखाली टोचतं. दूध कधी टाकू?

दुधाचं नंतर बघू, आधी डॉक्टरकडे जा, आणि "थोडे दिवस बघतो" नको. मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे, तुमच्या अन्ननलिकेबद्दल काही सांगू शकत नाही. एवढं माहीत आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकली. घाबरवायला सांगत नाहीये, टोचण्याची कारणं बरीच साधीही असतात, पण ते ठरवायचं काम तपासणाऱ्याचं.

दुधाचं म्हणाल तर तुमच्यासाठी सल्ला उलटा. ओतल्याबरोबर दूध टाकून लगेच प्यायलात तर घोट ७६ अंशांचा. दूध टाकून थांबलात तर ६५ वर यायला साडेसहा मिनिटं. कोरा चहा पाच मिनिटं उघडा ठेवलात, तो ७७ वर आला आणि मग फ्रिजमधलं दूध टाकलंत तर तिथल्या तिथे ६५. पण त्याच्याही खाली येऊ द्या, आणि तपासणी होईपर्यंत कोमटच प्या.