लिंगैक्य, कालकथित, मरहूम: शोकसंदेशात कोणता शब्द कुणाकडे

प्रश्न: सोलापूरच्या आमच्या ऑफिसातल्या एका लिंगायत सहकाऱ्याचे वडील वारले. ग्रुपवर 'कै. काकांच्या आत्म्यास ईश्वर शांती देवो' टाकणार होतो, तर एकजण म्हणाला त्यांच्यात लिंगैक्य म्हणतात. नक्की काय लिहू? आणि मुस्लिम, बौद्ध घरात हे वाक्य चालतं का?

उत्तर: तुमचा मित्र बरोबर बोलला, पण कै. लिहिलं म्हणून कुणी रागावणार नाही. कैलासवासी हा शंकराच्या घरचाच शब्द आहे आणि आपल्याकडे लिंगायत घरांच्या स्वतःच्या पत्रिकांवरही कै. छापलेलं दिसतं. (पंढरपूरकडे वारकऱ्यांच्या नावामागे वै. म्हणजे वैकुंठवासी असतं, तिथं मात्र कै. लिहिलं की लगेच नजरेत येतं.) खरी अडचण पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे.

लिंगैक्य म्हणजे लिंगाशी एकरूप होणं. वीरशैवांत भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशी सहा स्थलं मानतात, त्यातलं शेवटचं हे ऐक्य. म्हणजे गेलेला माणूस शिवात मिसळला, वेगळा उरलाच नाही, मग शांती मागायची कुणासाठी? म्हणून 'लिंगैक्य झाले' एवढंच म्हणतात, काही घरात शिवैक्य म्हणतात, आणि नाव लिहिताना आधी लिंगैक्य लावतात. कन्नड बोलणाऱ्या घरातही हाच शब्द आहे, त्यामुळं मराठीत लिहिला तरी त्यांना परका वाटत नाही.

शब्दासोबत चालीरीतही बघावी लागते. लिंगायतांत दफन करतात, बसलेल्या स्थितीत, इष्टलिंग हातात ठेवून. त्यामुळं 'अग्नी किती वाजता' किंवा 'अस्थिविसर्जन कुठं' हे विचारू नका, 'अंत्यविधी किती वाजता' विचारा, तो शब्द सगळीकडं चालतो. बसवण्णांच्या परंपरेत सुतकही मानत नाहीत, म्हणून 'सुतक फिटल्यावर भेटायला येतो' लिहिलं तर चुकीचं होईल. अर्थात तत्त्वात एक आणि घरात एक असं सोलापुरात भरपूर आहे, काही घरं दिवस पाळतात, तेव्हा आपण गृहीत धरायचं नाही, 'भेटायला कधी येऊ' एवढंच विचारायचं.

बौद्ध घरात मात्र 'आत्म्यास शांती' मुळातच बसत नाही कारण बुद्धाच्या शिकवणीत कायमचा टिकणारा आत्माच नाही. शिवाय 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही ही एक आहे, त्यामुळं पुष्कळांना 'श्रद्धांजली'पेक्षा 'आदरांजली' जवळची वाटते (श्रद्धा आणि श्राद्ध हे एकच नव्हे, पण कानाला ते जवळचे लागतात, काय करणार). तिथं नावाआधी कै. किंवा स्वर्गीय न लिहिता कालकथित लिहितात आणि नंतरच्या कार्यक्रमाला पुण्यानुमोदन म्हणतात, तेरावं नाही. 'कालकथित आजींना विनम्र आदरांजली, तुमच्या दुःखात आम्ही सोबत आहोत' एवढं पुरेसं आहे.

मुस्लिम घरी 'अल्लाह त्यांची मगफिरत करो, घरच्यांना सब्र देवो' लिहा. मगफिरत म्हणजे क्षमा, तिथं शांतीपेक्षा क्षमेची दुवा मागतात. पुरुष असेल तर मरहूम, बाई असेल तर मरहूमा, हे उलटं झालेलं लगेच कळतं. 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' हे कुराणातलं वाक्य आहे, आपण सगळे अल्लाहचे आणि त्याच्याकडंच परत जाणार असा त्याचा अर्थ, पाठ नसेल तर अर्धवट टाइप करण्यापेक्षा साधी मराठी बरी. दफन लवकर, बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं, म्हणून संध्याकाळी 'अंत्यदर्शनाला उद्या येतो' लिहिलं तर उशीर झालेला असतो. विधवा चार महिने दहा दिवस इद्दत पाळते, त्या काळात 'वहिनींना बाहेर घेऊन या, बरं वाटेल' असला सल्ला मेसेजमध्ये नको.

या सगळ्या संदेशांत दोन भाग असतात बघा, एक गेलेल्याबद्दल आणि एक मागं राहिलेल्यांबद्दल. श्रद्धा आडवी येते ती पहिल्या भागात. घरातल्या कुणी निधनाची बातमी टाकली असेल तर त्यात लिंगैक्य, इंतकाल, कालकथित, देवाज्ञा यातलं जे असेल तेच उचला. काहीच कळत नसेल तर पहिला भाग सोडून द्या आणि दुसरा नीट लिहा.

तुमच्यासाठी असं: 'काका लिंगैक्य झाल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. तुझ्यावर आणि काकूंवर काय गुदरलंय याची कल्पना करवत नाही. आठवडाभर ऑफिसचं काम आम्ही बघतो, तू फोन उचलू नकोस. भेटायला कधी येऊ ते सवडीनं कळव.' यातलं 'काम आम्ही बघतो' खरं असेल तरच लिहा. आणि फोटोला हार, बाजूला समई, खाली भावपूर्ण श्रद्धांजली असलं ते तयार चित्र सगळ्यांना सरसकट फॉरवर्ड करू नका, मुस्लिम घरात तर हार घातलेला फोटो नकोच.