आयपीएमध्ये साठ थीमवरून सुपरऑर्डिनेट थीमवर कसं यायचं?

प्रश्न: आयपीए, म्हणजे इंटरप्रिटेटिव्ह फेनॉमेनॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस करतेय, चार मुलाखती झाल्यात. पहिल्या ट्रान्सक्रिप्टमधूनच साठेक थीम निघाल्या. गाईड म्हणतात हे साधं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस झालंय. इथून सुपरऑर्डिनेट थीमपर्यंत कसं जायचं?

साठ आकडा ठीक आहे, त्याचं टेन्शन नको. बघायचं ते हे की त्या साठपैकी किती थीम नुसत्या विषयाची नावं आहेत. "झोपेचा त्रास", "घरच्यांचा आधार" असलं काही असेल तर गाईड बरोबर बोलतायत, कारण त्यात त्या माणसाला ते कसं वाटलं, त्याने त्याचा काय अर्थ लावला हे कुठेच नाही.

माझंच सांगते. माझा विषय होता कानात सतत आवाज येणारी माणसं, म्हणजे टिनिटस, माझ्याही चारच मुलाखती. पहिल्या बाई एकट्या राहणाऱ्या, त्यांचं एक वाक्य असं होतं: "रात्री दिवा घालवला की तो सुरू. म्हणजे दिवसा पण असतोच, पण रात्री... तुम्ही काय करणार? घरात आम्ही दोघंच." आणि मग हसल्या.

मी समासात पहिल्यांदा लिहिलं "रात्री त्रास जास्त", ही झाली वर्णनाची नोंद. मग भाषेकडे बघितलं आणि लगेच "तो"ला गोल केला, आवाजाला माणूस केलंय म्हणून खूश झाले, पण थांबा, मराठीत आवाज पुल्लिंगीच आहे, "तो" येणारच, त्यात बाईंचं काहीच नाही. खरी गोष्ट आहे "दोघंच". वस्तूंना आपण दोन म्हणतो, दोघं म्हणतो फक्त माणसांना. शिवाय अवघड जागा आली तशा त्या "मी" म्हणायच्या ऐवजी "तुम्ही"वर गेल्या, आणि शेवटी हसल्या. (म्हणूनच मुलाखत मराठीत असेल तर क्लोज रीडिंग मराठीवरच करा, इंग्रजी भाषांतरावर केलंत तर हे "दोघंच" हातातून जातं.) तिसरी नोंद प्रश्नाच्या रूपात लिहिली: ही सोबत आहे की घुसखोरी, की दोन्ही?

यातून थीम केली "आवाज घरातला दुसरा माणूस झालाय". "झोपेचा त्रास" फार खाली राहिलं असतं, "अस्मितेचं संकट" फार वर गेलं असतं, ते तर कुठल्याही आजाराला चिकटवता येतं. माझी कसोटी साधी आहे, थीमचं नाव वाचून मूळ वाक्य आठवलं पाहिजे आणि नाव मात्र त्या एका वाक्यापुरतं नको.

मग त्या एकाच मुलाखतीच्या सगळ्या थीम चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरल्या, ट्रान्सक्रिप्टचा क्रम मोडून. सारख्या वाटल्या त्या जवळ आल्याच, पण जास्त कामाच्या ठरल्या एकमेकींच्या उलट असलेल्या. "दुसरा माणूस झालाय"च्या शेजारी "त्याच्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही" आणि "चारचौघात काही होत नसल्याचं नाटक" ठेवलं तेव्हा दिसलं की घरात ज्याच्याशी नातं आहे तोच बाहेर लपवायचाय. गटाचं नाव पडलं "लपवलेली सोबत". ही त्या बाईंची सुपरऑर्डिनेट थीम. काही चिठ्ठ्या कुठेच बसल्या नाहीत, त्या बाजूला ठेवल्या, तुमच्याही राहतील.

बहुतेकांचं गाडं अडतं दुसऱ्या मुलाखतीला. पहिलीची यादी समोर ठेवून दुसरी वाचली की तेच तेच सापडत जातं. मी यादी पाकिटात बंद केली आणि दुसरी अगदी पहिल्यापासून वाचली, तिसरी आणि चौथी पण तशीच.

चारही झाल्यावर तक्ते शेजारी शेजारी लावले. दोघांकडे सोबतीसारखं काही होतं, तिसरे गृहस्थ आवाजाला सरळ "बिघडलेलं मशीन" म्हणत होते आणि चौथीला तो येणाऱ्या बहिरेपणाची सूचना वाटत होता. म्हणजे "लपवलेली सोबत" चौघांवर लादता येत नव्हती, पण आपण ज्याच्याबरोबर अडकलोय ते नक्की आहे तरी काय, हे ठरवण्याची धडपड चौघांचीही होती. म्हणून एकत्रित थीमचं नाव केलं "हा आहे तरी कोण?" आणि चौघांची वेगवेगळी उत्तरं तिच्या आत तशीच ठेवली. प्रत्येकाचं किमान एक अवतरण त्यात आलं. तुमचेही चारच आहेत, तर प्रत्येक थीमला निदान तिघांची अवतरणं हवीत, एकाच बोलक्या माणसावर अख्खी थीम उभी राहिली तर परीक्षक तिथेच पकडतात.

नावांचा एक घोळ आहे. स्मिथ, फ्लॉवर्स आणि लार्किन यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत सुपरऑर्डिनेट थीम हा शब्दच बदललाय, एका माणसाच्या त्या पर्सनल एक्सपिरिएन्शियल थीम्स आणि सगळ्यांच्या मिळून ग्रुप एक्सपिरिएन्शियल थीम्स. जुने शब्द वापरा नाहीतर नवे, फक्त एकाच प्रबंधात दोन्हींची खिचडी नको.

आता तुमच्या साठ चिठ्ठ्यांमधून आधी ती विषयाची नावं वेगळी काढा आणि त्यांच्या मूळ वाक्यांवर परत जा. माझ्या पहिल्या यादीतल्या जवळजवळ निम्म्या तशाच निघाल्या होत्या.