उरलेली दोन पार्सलं पाठवू नकोस

ताई, मला घरबसल्या ‘पार्सल तपासनीस’ म्हणून नोकरी मिळाली. घरी येणारी पार्सलं उघडायची, वस्तूचे आणि बिलाचे फोटो कंपनीच्या साइटवर टाकायचे, त्यांनी पाठवलेलं लेबल प्रिंट करून नव्या खोक्यावर चिकटवायचं आणि कुरिअरला द्यायचं, एवढंच काम. २४ दिवसांत २९ पार्सलं गेली. पगार तिसाव्या दिवशी आहे. काल भावाने विचारलं, “खोक्यावर नाव भलत्याच माणसाचं का?” तेव्हापासून झोप नाही. आत्ता घरात दोन पार्सलं आहेत, एक उघडलेलं, एक बंद. ही दोन पाठवून, पगार हातात घेऊन मग काम सोडलं तर चालेल का? मॅनेजर फार चांगल्या आहेत, रोज विचारपूस करतात.
— झोप उडालेली

बाळ, नाही चालणार. ती दोन पार्सलं पाठवू नकोस. आणि पगाराची वाटही पाहू नकोस, कारण तो येणार नाही. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. तिसावा दिवस कुठून आला ते एकदा कळलं की बाकीचं तुझं तुलाच उलगडेल.

तुझ्या हातून गेलेल्या एखाद्या मोबाईलचा प्रवास बघ. कुणाच्या तरी कार्डाचा नंबर चोरीला गेला. चोराला त्या नंबराचे पैसे करायचे आहेत, पण थेट पैसे काढणं अवघड, म्हणून तो दुकानाच्या साइटवर महागडी वस्तू मागवतो. परदेशातल्या पत्त्यावर माल मागवला की दुकानाला लगेच संशय येतो, कित्येक दुकानं तर तिकडे पाठवतच नाहीत. म्हणून त्याला कार्डवाल्याच्याच देशातला, साधासुधा, लोक राहत असलेला पत्ता लागतो. तो पत्ता तू दिलास. समज, ४ तारखेला ऑर्डर झाली, ७ तारखेला खोकं तुझ्या दारात आलं, ८ तारखेला नवं लेबल लावून तू ते पुढे पाठवलंस. ज्याचं कार्ड, त्याला अजून काहीच माहीत नाही. महिनाअखेरीला त्याचं स्टेटमेंट येतं, तो ते दोन-चार दिवसांनी उघडतो आणि बँकेला फोन करतो की ही खरेदी माझी नव्हे. बँक दुकानाकडून पैसे परत घेते. दुकानाचा मालही गेला आणि पैसेही गेले. आता दुकान आपल्या नोंदी काढतं, माल पोचवला कुठे? तर तुझ्या पत्त्यावर. पोच कुणी घेतली? तुझी सही.

हे सगळं घडायला साधारण एक महिना लागतो, आणि पगार महिन्याने कबूल केलेला असतो. हा योगायोग नाही. 2015 मध्ये काही संशोधकांनी अशा सात टोळ्यांच्या स्वतःच्या नोंदी तपासल्या. घरबसल्या काम करणारी माणसं जेमतेम महिनाभर वापरली जातात आणि पहिल्या पगाराच्या सुमारास टाकून दिली जातात, असं त्यांना त्यात आढळलं. त्या धंद्यात तुझ्यासारख्या माणसाला ‘ड्रॉप’ म्हणतात, म्हणजे माल टाकायची जागा. चोरीची कार्डं वापरून माल मागवणारा वेगळा असतो, त्याला ‘स्टफर’ म्हणतात. तुमची ‘कंपनी’ म्हणजे या दोघांमधली दलाल. स्टफरला ती पत्ते भाड्याने देते आणि त्याच्याकडून दर पार्सलामागे ठरावीक रक्कम किंवा मालाच्या किमतीतला वाटा घेते. म्हणजे विकला जात होता तो तुझा पत्ता, आणि महिन्याभराने तो पत्ता दुकानांच्या काळ्या यादीत गेला की त्यांच्या लेखी त्याची किंमत शून्य. रोज विचारपूस करणारी ती मॅनेजर त्या दिवसापासून उत्तर देणार नाही.

आता उठ आणि त्या उघडलेल्या पार्सलाजवळ जा. त्याला काही करू नकोस, नुसतं बघ. मूळ खोक्यावर दुकानाचं नाव आहे आणि घेणारा म्हणून एखाद्या अनोळखी माणसाचं नाव किंवा तुझं. आतल्या बिलावर पैसे भरणाऱ्याचं नाव असेल तर ते तिसरंच. मग मॅनेजरने पाठवलेलं लेबल उघड. त्यावर पाठवणारा कोण आहे? बहुतेक वेळा तिथेही तुझं नाव नसतं, कंपनीचंही नसतं, कुठल्या तरी भलत्याच दुकानाचं किंवा माणसाचं असतं. परदेशी जाणारं असेल तर सीमाशुल्काच्या रकान्यात ‘भेटवस्तू’ किंवा ‘वापरलेले सुटे भाग’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि किंमत खऱ्या किमतीच्या आसपासही नसते. त्यात कुरिअरचा खर्चसुद्धा अनेकदा चोरीच्या कार्डावरूनच भरलेला असतो. म्हणजे एका खोक्यावर दोन चोऱ्या, वर खोटं घोषणापत्र, आणि ते कुरिअरच्या टेबलावर ठेवणारी तू.

पार्सल पुढे पाठवण्याचा खरा धंदाही जगात आहे, हे मला माहीत आहे, म्हणून फरक सांगते. तिथे माल ज्याचा आहे तो गिऱ्हाईक स्वतः पैसे भरून गोदामाचा पत्ता घेतो, गोदामात त्याचं नाव-गाव नोंदलेलं असतं आणि माल कंपनीच्या जागेत येतो. नोकरीवर ठेवलेल्या अनोळखी माणसाच्या घरात तो कधीच येत नाही. ज्याला वस्तू तपासून हवी आहे तो ती एका परक्या घराच्या बैठकीतून का फिरवेल? या एका प्रश्नाला मॅनेजरकडे उत्तर नसतं. ‘आमचं गोदाम भरलंय’ किंवा ‘कराचा विषय आहे’ हे उत्तर नव्हे.

तर पार्सलांचं काय करायचं? बंद पार्सल बंदच राहू दे. ज्या कुरिअरने आणलं त्यांना कळव की हे माझं नाही, पाठवणाऱ्याकडे परत न्या, आणि तशी पोच घे. दुकानाच्या फसवणूक विभागालाही कळव, पण नंबर दुकानाच्या खऱ्या साइटवरून घे. चिठ्ठीवरचा किंवा मॅनेजरने दिलेला नंबर लावू नकोस. उघडलेलं पार्सल मात्र कुठेच पाठवू नकोस. ते जसं आहे तसं, मूळ खोक्यासकट, बिलासकट बाजूला ठेव आणि पोलिसांना विचारूनच त्याचं पुढचं बघ. ते वापरू नकोस, विकू नकोस, ‘पगाराच्या बदल्यात राहू दे’ असा विचारही मनात आणू नकोस. मॅनेजर नक्की म्हणेल की आमचा माल अडवलास, तुझ्यावर केस करू. माल तिचा नाही. ज्याच्या मालकीचा आहे, तोच फक्त मागू शकतो.

आणि हे आज रात्रीच कर, कारण त्यांना संशय आला की साइटवरचं तुझं खातं क्षणात बंद होतं आणि सगळा पुरावा जातो. नोकरीची जाहिरात, करारपत्र, मेसेज, प्रत्येक पार्सलाचं पान, प्रत्येक लेबलाची फाइल, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे साठव. मग एक वही घे आणि २९ पार्सलं आठवतील तशी लिही. कधी आलं, खोक्यावर कुणाचं नाव, आत काय, कुठे गेलं, ट्रॅकिंग नंबर काय. हे कंटाळवाणं काम आहे, पण तुझ्यासाठी याहून मोलाचं काही नाही. शेवटची दोन-चार पार्सलं कदाचित अजून वाटेत असतील, आणि त्यांचे ट्रॅकिंग नंबर कुरिअरला वेळेत मिळाले तर ती अडवता येतात.

मॅनेजरला काम सोडत असल्याचं आधी सांगत बसू नकोस. स्क्रीनशॉट झाले, तक्रार झाली की उत्तर देणंच थांबव.

पोलिसांकडे तक्रार तू स्वतः जाऊन कर, ते तुला शोधत येण्याआधी. ‘ही दोन पाठवून मग सोडते’ हीच तुझ्या प्रश्नातली सगळ्यात धोक्याची गोष्ट होती, म्हणून जरा थांबून सांगते. बहुतेक ठिकाणच्या कायद्यात चोरीचा माल हाताळणं हा गुन्हा ठरतो तो माहीत असून, किंवा संशयाला पुरेसं कारण असून हाताळला तर. कालपर्यंत तू म्हणू शकत होतीस की मला कल्पनाच नव्हती. भावाने विचारलं, तुझी झोप उडाली, तू मला पत्र लिहिलंस, त्यानंतर पाठवलेलं तिसावं आणि एकतिसावं पार्सल आधीच्या २९ सारखं राहत नाही. भावाचा तो प्रश्न म्हणजे एक रेघ आहे. तिच्या अलीकडे थांबलीस तर फसवली गेलेली बाई, पलीकडे गेलीस तर तेच सिद्ध करणं कठीण. वकिलाचा एक तास परवडत असेल तर जबाब देण्याआधी घे आणि वही त्याला दाखव. लेखी तक्रार दे, तिची पोच घे.

अजून एक गोष्ट पत्रात नाही, पण असणारच. नोकरीसाठी तू ओळखपत्राची प्रत, स्वतःचा फोटो आणि पगारासाठी बँक खात्याचा तपशील दिला असशील. तो त्यांच्याकडे राहिला आहे. बँकेला हे सांग, खात्यावर लक्ष ठेवायला सांग, आणि पुढचे काही महिने तुझ्या नावावर कुणी कर्ज किंवा नवं कार्ड काढलंय का ते तुझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये तपासत राहा. ओळखपत्र हातात धरून काढलेला फोटो दिला असशील तर जास्तच जप, कारण त्याच फोटोवर दुसऱ्या कुठे तुझ्या नावाने खातं उघडता येतं. आणि अचानक खात्यात पैसे आले, ‘हा पगार, चुकून जास्त गेला, वरचे परत पाठव’ असं कुणी म्हणालं, तर एक रुपयाही हलवू नकोस. ते पैसेही कुणाचे तरी चोरलेले असतील आणि मग तू मालाऐवजी पैसे वाहणारी होशील. बँकेला कळव, बँक सांगेल तेच कर.

तुला पगाराची गरज होती, हे मला पत्रातून दिसतंय. २४ दिवस तू प्रामाणिकपणे राबलीस, खोकी नीट बांधलीस, फोटो वेळेवर टाकलेस, आणि त्याचे पैसे बुडाले. त्याचं वाईट वाटू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या पैशासाठी त्यांच्याशी आणखी एक मेसेजही बोलू नकोस.

भावाला आज सगळं सांग आणि तक्रारीला त्याला बरोबर ने. उद्या पुन्हा घंटा वाजेल, कारण आधी दिलेल्या ऑर्डरी अजून येत राहतील. दार उघड, खोकं हातात घेऊ नकोस, सही करू नकोस. “हे आमचं नाही, परत न्या,” एवढंच म्हण आणि त्याचा ट्रॅकिंग नंबर वहीत लिहून घे.