बॅकग्राउंड मंजूर करून घेताना

पैठणीमागची हिरवी भिंत काढून पांढरं बॅकग्राउंड दिलंस, तर क्लायंटला दाखवताना मूळ आणि नवा असे दोन्ही फोटो एकाच क्रॉपमध्ये, एकाच मापात शेजारी लाव. मूळ फोटोलाही तीच कलर करेक्शन दे. नाहीतर क्लायंट साडीच्या रंगावर बोलत बसतात आणि बॅकग्राउंड बाजूलाच राहतं. पांढऱ्या फोटोभोवती बारीक राखाडी रेघ हवी, नाहीतर फोटो कुठे संपतो ते कळत नाही.

खाली पदराच्या गोंड्यांचा १०० टक्के झूम जोड. कटिंग कच्चं असेल तर धाग्यांच्या कडेला जुन्या भिंतीची हिरवट छटा तिथेच दिसते. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठव, फोटो म्हणून पाठवली की बारकावे जातात. सोबत ‘कसं वाटतं?’ नको, नेमकं विचार, ‘साडीखालची सावली ठेवू की काढू?’