सेमिनारमधला ०.७४ नेमका कुणाचा?

ऑन्कोलॉजीच्या पेपरवर सेमिनार लागला की वर्धा-यवतमाळपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतचे विद्यार्थी मला तेच ते प्रश्न पाठवतात. या वेळी बऱ्याच जणांच्या हाती २००९ साली प्रसिद्ध झालेली ‘आयपास’ चाचणी आहे. फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा झालेले, सिगारेट कधीच न ओढलेले किंवा थोडीफार ओढून सोडलेले पूर्व आशियातले १२१७ रुग्ण त्यात होते. एका गटाला गेफिटिनिबच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो. उत्तरं त्याच पेपरच्या आधाराने देते.

प्रश्न : हॅझर्ड रेशो ०.७४ म्हणजे गेफिटिनिबने २६ टक्के जास्त लोक वाचले, असं म्हटलं तर चालेल का?

नाही. एक तर इथे नुसता मृत्यू मोजलेला नाही. आजार वाढणं किंवा मृत्यू, यांतलं जे आधी घडेल ते मोजलं आहे. दुसरं म्हणजे हा रेशो डोकी मोजत नाही. ज्यांचा आजार अजून वाढलेला नाही, त्यांच्यात तो किती वेगाने वाढतो आहे, याची ती तुलना आहे. डोकी हवी असतील तर आलेखावरून वाचा : बारा महिन्यांनी आजार न वाढता जिवंत असलेले गेफिटिनिब गटात २४.९ टक्के, केमो गटात ६.७ टक्के.

प्रश्न : आलेखावरच्या बारीक उभ्या रेघा म्हणजे मृत्यू ना?

नव्हे. रेघ म्हणजे त्या रुग्णाची माहिती तिथपर्यंतच आहे, यालाच ‘सेन्सॉर’ करणं म्हणतात. घटना घडली की आलेख पायरी उतरतो.

प्रश्न : मॅडम, मिडीयन ५.७ आणि ५.८ महिने, म्हणजे दोन्ही गट सारखेच. तरी रेशो ०.७४ अन् पी ०.००१ पेक्षा कमी! सीनियर सांगून राहिले की छपाईची चूक असेल, ती स्लाइड सोडून दे.

चूक नाही, आणि ती स्लाइड अजिबात सोडू नका. या पेपरचा जीव तिथेच आहे. ‘सीनियर म्हणाले’ एवढ्यावर स्लाइड गाळण्याआधी निदान आलेख तरी उघडून बघा.

दोन्ही रेषांवर बोट ठेवून चला. पहिले सहा महिने केमोची रेष वर आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि पुढे गेफिटिनिबची रेष वर राहते. मिडीयन म्हणजे रेष ५० टक्क्यांवर येते तो क्षण. तो नेमका छेदाच्या जवळ आला, म्हणून दोन्ही मिडीयन जवळपास सारखे दिसतात. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, यातलं मिडीयनला काहीच कळत नाही.

आता ०.७४ कुठून आला ते पाहू. कॉक्स मॉडेल असं धरून चालतं की दोन गटांतल्या वेगांचं गुणोत्तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच आहे. रेषा अशा छेदत असतील तर ते गृहीतक मोडलेलंच असतं. तरीही सॉफ्टवेअर तक्रार न करता एक आकडा देतं. सुरुवातीचे एकापेक्षा मोठे रेशो आणि नंतरचे लहान रेशो यांची ती एक प्रकारची सरासरी असते. ही चाचणी सहाव्या महिन्यात थांबवली असती, तर याच औषधांचा रेशो केमोच्या बाजूने झुकला असता. म्हणजे हा आकडा औषधाइतकाच पाठपुराव्याच्या लांबीवरही अवलंबून आहे. रेशो काळानुसार स्थिर नव्हता, हे लेखकांनी पेपरमध्येच लिहिलं आहे. गोषवाऱ्यापाशी थांबणाऱ्यांना ते वाक्य भेटत नाही.

रेषा छेदल्या कशामुळे, हे सांगितल्याशिवाय खाली बसू नका. गटात दोन वेगळ्या प्रकारचे रुग्ण मिसळलेले होते. ४३७ जणांच्या ईजीएफआर जनुकाची तपासणी झाली. त्यातल्या म्युटेशन असलेल्या २६१ जणांत रेशो ०.४८ निघाला, म्हणजे गेफिटिनिब सरळ सरस. म्युटेशन नसलेल्या १७६ जणांत तो २.८५ निघाला, गेफिटिनिबवर त्यांचा आजार मिडीयन दीड महिन्यात वाढला, केमोवर साडेपाच महिन्यांत. सुरुवातीला गेफिटिनिबची रेष घसरली ती प्रामुख्याने या लोकांमुळे. ते गळाल्यावर मागे राहिले मुख्यतः म्युटेशनवाले, आणि त्यांनी रेष वर धरली. ०.७४ हा या दोन्हींतल्या एकाही रुग्णाचा आकडा नाही. म्हणून ‘गेफिटिनिब केमोपेक्षा चांगलं’ असा निष्कर्ष लिहू नका. म्युटेशन असेल तर चांगलं, नसेल तर नुकसान करणारं, असं लिहा. एक मर्यादाही सांगा : तपासणी साधारण एक तृतीयांश रुग्णांचीच झाली होती.

छेदणाऱ्या रेषांसाठी वेगळ्या पद्धती आहेत. ठराविक महिन्याला दोन्ही गटांतले टक्के शेजारी मांडणं ही सगळ्यांत सोपी. त्यापुढचं गणित करायचं असेल तर तुमच्या कॉलेजच्या सांख्यिकी शिक्षकांना सोबत घ्या.

प्रश्न : म्हणजे गेफिटिनिबने आयुष्य वाढलं, असं म्हणता येईल?

या चाचणीवरून नाही. एकूण जगण्याचा अंतिम रेशो ०.९० आला आणि त्याचं कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७९ ते १.०२, म्हणजे १ ओलांडणारं. केमोवरच्या अनेकांना पुढे याच वर्गातल्या गोळ्या मिळाल्या, हेही त्यासोबत सांगा.

प्रश्न : एका एमआरने तयार स्लाइड दिल्या. त्यात दुसऱ्या एका औषधाची रेष शेवटी सपाट आहे, म्हणजे तेवढे रुग्ण पूर्ण बरे झाले असं तो म्हणाला. वापरू का?

वापरू नका. मूळ पेपरमधला आलेख घ्या आणि त्याखालची ‘नंबर ॲट रिस्क’ची ओळ वाचा. प्रचाराच्या स्लाइडमध्ये हीच ओळ अनेकदा कापलेली असते, आणि उभा अक्ष शून्याऐवजी ४० किंवा ५० पासून सुरू करून छोटी फट मोठी दाखवलेली असते. समजा रेष ४० टक्क्यांवर सपाट आहे आणि तिथे चारच रुग्ण उरलेत. त्यातला एक गेला की रेष एकदम ३० वर येते. चार माणसांवर उभी असलेली सपाट रेष ‘बरे झाले’ असं सांगू शकत नाही.

प्रश्न : आमच्या वॉर्डातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा असाच आलेख काढतो आहे. जे परत आलेच नाहीत, त्यांना सेन्सॉर केलं. बरोबर?

घाईत बरोबर म्हणणार नाही. जो यायचा थांबला तो आणि जो येत राहिला तो, दोघांचं पुढे सारखंच होईल, असं धरूनच कापलान-मायर पद्धत चालते. कापूस वेचणी लागली म्हणून न आलेला रुग्ण कदाचित त्यात बसेल. गिळता येईना, नागपूरला रेडिएशनला जायला पैसे उरले नाहीत, म्हणून घरी पडून असलेला बसणार नाही. त्याला सेन्सॉर केलं की रेष उगाच वर राहते. आधी घरी फोन लावा, आशाताईंमार्फत चौकशी करा, न येण्याचं कारण वेगळ्या रकान्यात नोंदवा. मग ती यादी घेऊन सांख्यिकी शिक्षकांकडे जा. ते सगळे गेले असं धरून एकदा आणि सगळे जिवंत असं धरून एकदा, असा दोनदा हिशेब करून दाखवतील. दोन रेषांमध्ये फार अंतर पडलं, तर तो आलेख दाखवण्याजोगा नाही.

प्रश्न : माझ्या काकांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. ०.४८ म्हणजे त्यांना किती महिने मिळतील?

हे त्या आकड्यावरून काढता येत नाही. म्युटेशनचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टना भेटा, आणि याच आठवड्यात भेटा. रिपोर्ट झालेलाच नसेल तर तो आधी विचारा.

प्रश्न : सेमिनार उद्या सकाळी आहे. स्लाइड तपासून देता का?

आदल्या रात्री आलेल्या स्लाइड मी तपासत नाही, कारण चूक सापडली तरी मूळ पेपर पुन्हा वाचायला तुमच्याकडे वेळ नसतो. आज रात्री एवढंच करा : रेषा कुठे छेदतात तो महिना आणि त्या महिन्याला प्रत्येक गटात उरलेले रुग्ण, हे दोन आकडे आलेखावर लिहून ठेवा. पुढच्या पेपरला किमान आठवडाभर आधी तुमच्या गाइडना दाखवा.