NORM.DIST ने ७५ च्या वरची मुलं मोजताना १.३६ टक्के का येतात?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या परीक्षेला ४५० मुलं होती. सरासरी ५८, प्रमाण विचलन १४. ७५ किंवा त्याहून जास्त गुण किती टक्के मुलांना असतील ते एक्सेलमध्ये NORM.DIST वापरून काढलं तर १.३६ टक्के आलं. हे फारच कमी वाटतंय. कुठे चुकतंय? आणि हे सूत्र कधी वापरू नये?

उत्तर:

तुम्ही चौथ्या जागी FALSE लिहिलं आहे, हे १.३६ वरूनच कळतं. FALSE दिलं की एक्सेल ७५ या ठिकाणी घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राची उंची देतं, आणि ती ०.०१३६ येते. तुम्हाला हवं आहे ते ७५ च्या उजवीकडचं क्षेत्रफळ. TRUE लिहिलं की डावीकडचं सगळं क्षेत्रफळ मिळतं, मग ते १ मधून वजा करायचं:

```
=1-NORM.DIST(74.5, 58, 14, TRUE)
```

याचं उत्तर ०.११९३, म्हणजे ११.९ टक्के. ४५० पैकी साधारण ५४ मुलं.

७५ च्या जागी ७४.५ का, तर गुण पूर्णांकात असतात आणि वक्र मात्र सलग असतो. ज्याला ७५ मिळाले त्याची जागा वक्रावर ७४.५ ते ७५.५ अशी धरावी लागते. ‘७५ किंवा जास्त’ म्हटलं की ७४.५ पासून मोजायचं, ‘७५ पेक्षा जास्त’ म्हटलं की ७५.५ पासून. पहिल्यात ५४ मुलं येतात, दुसऱ्यात ४७-४८. मधली सहा म्हणजे बरोबर ७५ वर असलेली मुलं. गंमत म्हणजे तुमच्या ०.०१३६ ला ४५० ने गुणलं तरी सहाच येतात. म्हणजे एक्सेल खोटं बोलत नव्हतं. ‘बरोबर ७५ किती जणांना?’ या तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. (उंचीला टक्केवारी समजायची सवय मोडायची असेल तर ग्रेड पॉइंटवर `=NORM.DIST(7,7,0.2,FALSE)` करून पाहा. १.९९ येतं. जवळजवळ दोनशे टक्के मुलं!)

सूत्राची चूक एवढीच. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण तिथे सूत्र बिनचूक असूनही उत्तर चुकतं आणि एक्सेल हूं की चूं करत नाही.

मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवायचो तेव्हाची गोष्ट. अंतर्गत परीक्षेत ७५ किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांसाठी एक वेगळी प्रॅक्टिकलची बॅच करायची होती. लॅबमध्ये ५० कॉम्प्युटर. परीक्षा विभागाकडून गुणांची यादी यायला वेळ होता, हातात फक्त सारांश होता: २०० मुलं, सरासरी ६२, प्रमाण विचलन १७.९. मी वरच्यासारखंच सूत्र टाकलं. २४ टक्के, म्हणजे ४८-४९ मुलं. ५० मध्ये बसतात म्हणून वेळापत्रक लावूनही टाकलं. पहिल्या दिवशी ६६ जण दारात. संख्याशास्त्राच्या मास्तरचाच अंदाज इतका चुकला, यावर स्टाफरूममध्ये पुढचा आठवडाभर चहा रंगला.

यादी आल्यावर पाच-पाच गुणांचे गट करून आलेख काढला आणि कारण समोर दिसलं. वर्गात अर्धी मुलं इंजिनिअरिंग करून आलेली होती, अर्धी बीकॉम-बीए करून. पहिल्यांची सरासरी ७८, दुसऱ्यांची ४६, आणि दोन्ही गटांचं आपापलं विचलन फक्त ८ च्या आसपास. आलेखाला एक टेकडी नव्हती, दोन होत्या, आणि मधे दरी. सरासरी ६२ त्या दरीत पडली होती. नॉर्मल वक्र धरला तर ५७ ते ६६ या सरासरीच्या आसपासच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त गर्दी हवी, सुमारे ४४ मुलं. तिथे १६ होती.

मग दोन्ही गटांना वेगवेगळं सूत्र लावलं. इंजिनिअरिंगवाल्या शंभरांतले ६७ जण ७४.५ च्या वर येतात, दुसऱ्या गटातलं जवळजवळ कुणीच नाही. ६७ चा अंदाज, प्रत्यक्षात ६६. सूत्र तेच, गृहीतक एका टेकडीऐवजी दोन टेकड्यांचं, एवढाच फरक.

हीच आकडेमोड थोडी पुढे नेली तर आणखी एक गोष्ट दिसते. कटऑफ ६२ च्या आसपास असता तर एका टेकडीचं गृहीतकसुद्धा ‘निम्मी मुलं’ असंच म्हणालं असतं, आणि ते बरोबर निघालं असतं. मला चूक कळलीच नसती. कटऑफ ९० असता तर उलट झालं असतं: एका वक्राने १२ मुलं सांगितली असती आणि खरी निघाली असती सात-आठ. म्हणजे चुकीचा वक्र सगळीकडे सारखा चुकत नाही. कुठे कमी सांगतो, कुठे जास्त, आणि मधे कुठेतरी योगायोगाने जुळतो. म्हणूनच ‘गेल्या वेळी जुळलं होतं’ हा पुरावा धरू नका.

तुमच्या हातात फक्त सरासरी आणि विचलन असेल तरी एक तपासणी लगेच करता येते. सूत्राला अशक्य प्रश्न विचारा: १०० च्या वर किती? तुमच्या ५८ आणि १४ ला ते ०.१ टक्का सांगतं, शून्याच्या खाली जवळजवळ कुणीच नाही. चालेल. पण पेपर सोपा असून सरासरी ८२ आणि विचलन १५ असेल तर तेच सूत्र म्हणतं की जवळजवळ ११ टक्के मुलांना १०० पेक्षा जास्त गुण आहेत. ती मुलं कुठे जाणार? प्रत्यक्षात ती ९० ते १०० मध्ये दाटीने बसलेली असतात आणि डावीकडे लांब शेपूट निघते. अशा निकालावर ९० चा कटऑफ या सूत्राने काढू नये.

याचा उलटा अर्थ मात्र घेऊ नका. अशक्य प्रश्नात सूत्र पास झालं म्हणजे वितरण नॉर्मल आहे असं ठरत नाही. माझ्या त्या वर्गाला ही तपासणी लावली असती तर १०० च्या वर जेमतेम दीड-दोन टक्के आले असते, आणि मला शंका आली नसती.

अजून एक गोष्ट तपासा, कारण आपल्याकडच्या गुणपत्रकांत ती हमखास सापडते. गैरहजर मुलांसमोर AB लिहिलं आहे की शून्य? समजा, परीक्षेला प्रत्यक्षात ४२० मुलं बसली, त्यांची सरासरी ६०, विचलन १२. सूत्राने ७५ किंवा जास्त मिळवणारी ४८ मुलं येतात. आता न आलेल्या ३० जणांना शून्य देऊन ४५० ची यादी करा. सरासरी ५६ वर उतरते, पण विचलन १२ वरून जवळजवळ १९ वर उडी मारतं. त्या १९ मुळे वक्र दोन्ही बाजूंना पसरतो आणि सूत्र म्हणतं, ७५ किंवा जास्त मिळवणारी ७४ मुलं आहेत. परीक्षेला न आलेल्या मुलांनी कागदावर २६ हुशार मुलं वाढवली! AB असं अक्षरात लिहिलेलं असेल तर AVERAGE आणि STDEV.P ते सोडून देतात, शून्य मात्र सोडत नाहीत. तुमचं १४ हे विचलन मला अवास्तव वाटत नाही, तरी यादीत एकदा शून्य शोधून बघा.

आणि बोर्डाच्या किंवा ग्रेस मार्क देणाऱ्या परीक्षेचे गुण असतील तर पासिंगच्या जागेपाशी सूत्र वापरूच नका. ३५ ला पास असेल तर ३२, ३३, ३४ ची मुलं ढकलून ३५ वर आणलेली असतात. आलेखात तिथे एक खांब उभा दिसतो आणि त्याच्या डावीकडे खड्डा. कुठलाही गुळगुळीत वक्र तो खांब दाखवणार नाही. ७५ च्या कटऑफला याचा फारसा फरक पडत नाही, ‘नापास किती’ या प्रश्नाला पडतो.

आता तुमच्या ४५० मुलांबद्दल. पूर्ण यादी तुमच्याकडे असेल तर मला वाटतं या सूत्राची गरजच नाही. गुण C2 ते C451 मध्ये आहेत असं धरून सरळ मोजा:

```
=COUNTIF(C2:C451,">=75")/COUNT(C2:C451)
```

यात कुठलंच गृहीतक नाही. एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनचं पर्सेंटाइलसुद्धा असंच आहे: तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेले किती टक्के, एवढंच मोजतात. तिथे घंटेच्या आकाराचा वक्र कुणी गृहीत धरत नाही.

NORM.DIST कामाला येतं ते यादी नसताना, किंवा पुढच्या वर्षी तसाच पेपर काढला तर साधारण किती मुलं येतील याचा अंदाज बांधताना. तेव्हाही या वर्षीच्या यादीवर COUNTIF चं उत्तर आणि ११.९ टक्के शेजारी ठेवून बघा. ४५० मुलांत वक्र खरोखर नॉर्मल असला तरी सहा-सात मुलांचा फरक सहज पडतो, तेवढ्याने घाबरू नका. ५४ च्या जागी ८० किंवा ३० निघाली तर पाच-पाच गुणांचा आलेख काढा आणि इथे टाका, टेकड्या किती आहेत ते बघू.