उपमा, रूपक आणि लक्षणा कशा ओळखाव्यात?

प्रश्न: उपमा, रूपक आणि लक्षणा यांत माझा नेहमी गोंधळ होतो. बातम्यांतली आणि रोजच्या बोलण्यातली उदाहरणे देऊन कोणी फरक सांगेल का?

शेअर बाजार पडला की वृत्तपत्रांत ज्या धाटणीचे मथळे येतात, तसा एक मथळा इथे रचून घेतो, कारण त्यात तिन्ही सापडतात: ‘दलाल स्ट्रीटवर रक्तपात, बँकांचे शेअर पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले’.

यातली उपमा लगेच दिसते. शेअर हे उपमेय, पत्त्यांचा बंगला हे उपमान, आणि ‘सारखे’ हा शब्द दोघांची तुलना करतो, पण त्यांना एक होऊ देत नाही. ‘रक्तपात’ या शब्दात ती मर्यादा उरत नाही. बाजारातली पडझड म्हणजेच रक्तपात, असे धरून बातमीदार बोलतो, म्हणून ते रूपक. (काटेकोर अलंकारशास्त्री इथे कुरकुर करतील, कारण उपमेयाचा उल्लेखच नसेल तर ते त्याला अतिशयोक्तीत घालतात, बातमीच्या भाषेपुरते रूपक म्हणायला माझी हरकत नाही.)

खरा गोंधळ ‘दलाल स्ट्रीट’पाशी होतो. त्या रस्त्यात आणि बाजारात कसलेही साम्य नाही. मुंबई शेअर बाजाराची इमारत तिथे आहे, एवढाच संबंध. सौदे १९९० च्या दशकातच संगणकावर गेले, तरी नाव टिकून आहे. मूळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. संस्कृत साहित्यशास्त्रात साम्यावर उभ्या असलेल्या लक्षणेला गौणी आणि अन्य संबंधावरच्या लक्षणेला शुद्धा म्हणतात. रूपकापासून वेगळी काढायची असते ती ही शुद्धा.

मी कसोटी म्हणून ‘सारखा’ घालून पाहतो. ‘रक्तपातासारखी पडझड’ असे म्हणता येते. ‘दलाल स्ट्रीटसारखा बाजार’ म्हटले की अर्थच बिघडतो. हॉटेलातला पोऱ्या गल्ल्याकडे पाहून ‘चार नंबरने बिल मागितलंय’ असे ओरडतो, तेव्हा टेबलाने बिल मागितलेले नसते आणि गिऱ्हाईक टेबलासारखे दिसते असेही त्याला म्हणायचे नसते. ते त्या टेबलाशी बसले आहे, इतकेच.

१७६१ च्या पानिपताविषयी आपल्याकडे रूढ असलेल्या दोन वाक्यांत हा फरक उत्तम दिसतो. ‘दोन मोती गळाले’ यातले मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोत्यांसारखी मोलाची माणसे, म्हणून हे रूपकाच्या बाजूचे. ‘लाख बांगडी फुटली’ यात मात्र मेलेला शिपाई बांगडीसारखा नाही. तो गेला म्हणून त्याच्या बायकोच्या हातातली बांगडी फुटली. परिणाम सांगितला आणि कारण ऐकणाऱ्याने ओळखले, म्हणून ही शुद्धा लक्षणा.